जर्नलमधली एक तारीख

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तयारी कशी करता, असं विचारलं की बहुतेक जण पाठ्यपुस्तक दाखवतात. माझ्या मते चूक तिथेच होते. प्रात्यक्षिकाच्या पेपरात मूट कोर्ट, प्रत्यक्ष खटल्यांचं निरीक्षण आणि वकिलाच्या ऑफिसात पक्षकारांच्या मुलाखती व कागदपत्रांची तयारी पाहणं, अशी तीन अंगं असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत या तिन्हींना प्रत्येकी ३० गुण आहेत, आणि राहिलेले १० गुण तिन्हींवर मिळून घ्यायच्या तोंडी परीक्षेला. म्हणजे ती परीक्षा विद्यार्थ्याने जे पाहिलं, केलं आणि जर्नलमध्ये लिहून सादर केलं त्यावर असते. परीक्षकाच्या समोर टेबलावर उघडं असतं ते जर्नल.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि संध्याकाळी एका विधी महाविद्यालयात हा पेपर शिकवते. इथे एकाच विद्यार्थिनीची गोष्ट सांगते आहे. व्हायवाला सहा दिवस उरले असताना ती माझ्याकडे आली. मराठी माध्यमातून शिकलेली, हुशार, लेखी परीक्षेत चांगले गुण असणारी. "मॅडम, लिहायला सांगा, लिहीन. समोर बसून विचारलं की सगळं एकदम तोंडात येतं आणि काहीच नीट बाहेर पडत नाही," ती म्हणाली.

तिने निरीक्षणासाठी दोन प्रकरणं घेतली होती. फौजदारीत चेक न वटल्याचा खटला, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८. दिवाणीत शेतरस्त्याच्या वहिवाटीचा दावा आणि त्यातला मनाईचा अर्ज. मी तिला आधी पाठांतर सांगितलं नाही. एकच प्रश्न विचारला, "चेक न वटला की लगेच तक्रार करता येते का?"

उत्तराची सुरुवात अशी झाली: "मॅडम, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट हा १८८१ चा कायदा आहे. त्यात १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन सतरावं प्रकरण घातलं गेलं. त्याचा उद्देश असा होता की चेकची विश्वासार्हता वाढावी..." मी घड्याळ लावून बसले होते. एक मिनिट पन्नास सेकंद ती बोलली. त्यात चेकची व्याख्या आली, शिक्षा आली, गृहीतकाचं कलम १३९ आलं. "नाही" हा शब्द मात्र आला नाही, आणि प्रश्नाचं उत्तर नेमकं तेवढंच होतं. तिला सगळं माहीत होतं. पण माहितीचा क्रम पुस्तकाचा होता आणि प्रश्नाने मागितलेला क्रम वेगळा होता. एका दिवसात साठ-सत्तर मुलं असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. परीक्षक तिसऱ्या वाक्यालाच पुढचा प्रश्न टाकतो, आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलं चुकलं. चुकलेलं काही नसतं, उत्तर द्यायचं राहून गेलेलं असतं.

त्या दिवशी आम्ही उत्तरं बाजूला ठेवली आणि जर्नल हातात घेतलं.

तिच्या निरीक्षणाच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि तिला पेन्सिल दिली. म्हटलं, तू आता परीक्षक आहेस, तुझं जर्नल दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं समज, आणि ज्या शब्दावर बोट ठेवून "हे काय?" असं विचारता येईल तिथे गोल कर. पहिल्या फेरीत तिने कलमांचे आकडे आणि इंग्रजी शब्द तेवढे गोल केले. दुसऱ्या फेरीत मी तिला तारखा, रकमा आणि कुणीतरी काहीतरी निवडलं अशा जागा पाहायला सांगितल्या. रजिस्टर पोस्टानेच नोटीस का? तक्रार याच कोर्टात का? दाव्यात नुसती मनाईच न मागता वहिवाटीचा हक्क ठरवून मागितला तो का? परीक्षक बहुधा इथेच थांबतो, कारण व्याख्या कुणीही पाठ करून येतं, पण या जागी विद्यार्थ्याने फाइल समजून घेतली की नुसती उतरवली ते लगेच कळतं. आणि जवळजवळ प्रत्येक गोलाला एक पोटप्रश्न चिकटलेला असतो: हे असं झालं नसतं तर?

चार पानांत एक्केचाळीस गोल झाले. त्यातले दोन गोल तिने केलेले नव्हते, मी केले. आमचे पुढचे दिवस त्या दोन गोलांभोवतीच गेले.

पहिला गोल या वाक्यावर होता: "फिर्यादीने सरतपासात न्यायालयासमोर सांगितले की..." मी विचारलं, "तू सरतपास ऐकलास?" ती गप्प झाली. सरतपास म्हणजे साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलाने आधी विचारलेले प्रश्न. चेकच्या खटल्यात कलम १४५ मुळे फिर्यादीचा पुरावा प्रतिज्ञापत्रावर देता येतो आणि आमच्याकडे तो सर्रास तसाच दिला जातो. सरतपासाचं प्रतिज्ञापत्र दाखल होतं, फिर्यादी पिंजऱ्यात येऊन त्यावरची सही आपली असल्याचं सांगतो, आणि थेट उलटतपास सुरू होतो. हे वाक्य तिने एका सीनिअरच्या जर्नलमधून घेतलं होतं, आणि त्या सीनिअरने ते मारामारीच्या खटल्यावर लिहिलं होतं. गंमत अशी की उलटतपासाच्या दिवशी ही मुलगी खरोखर कोर्टात तीन तास बसली होती. फिर्यादीला "एवढे पैसे रोख दिले, तर ते तुमच्या इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये दाखवले का?" असा प्रश्न आला आणि तो अडखळला, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तेच जर्नलमध्ये नव्हतं. पाहिलेलं गाळून उसनं लिहिलं होतं.

दुसरा गोल तारखेवर होता. प्रकरण साधं होतं. हातउसने दिलेल्या १ लाख ८० हजार रुपयांपोटी दिलेला चेक, तारीख १० जानेवारी २०२३. पुरेशी रक्कम नाही म्हणून चेक परत आल्याचा बँकेचा मेमो फिर्यादीला मिळाला २० जानेवारीला. वकिलांची नोटीस गेली ६ फेब्रुवारीला, आरोपीला मिळाली ९ फेब्रुवारीला. आणि पुढे तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "दि. २०/०२/२०२३ रोजी तक्रार दाखल करण्यात आली."

मी तिला बोटांवर मोजायला सांगितलं. नोटीस ९ ला मिळाली, तो दिवस सोडायचा. १० पासून पंधरा दिवस, म्हणजे २४ फेब्रुवारी संपेपर्यंत आरोपीला पैसे देण्याची मुदत होती. तक्रार २० फेब्रुवारीला. मुदत संपायला चार दिवस बाकी असताना. म्हणजे तिच्या जर्नलप्रमाणे ही तक्रार मुदतीआधीच केलेली होती आणि चालायलाच नको होती. तरीही पुढच्या दोन पानांत त्याच तक्रारीवर उलटतपास चालू होता.

ई-कोर्ट्सवर प्रकरणाचा क्रमांक टाकून पाहिलं. दाखल झाल्याची तारीख २० मार्च २०२३. तिने रोजनाम्यावरून उतरवताना ०३ चे ०२ केले होते.

तिचा पहिला विचार व्हाइटनरचा होता. मी ठाम नाही म्हटलं. त्या पानाखाली कॉलेजची सही आणि शिक्का पडलेला होता. प्रमाणित झालेल्या कागदात नंतर खाडाखोड करणं हे उद्याच्या वकिलाने करायचं काम नव्हे, आणि परीक्षकाच्या नजरेला तर पांढरा डाग आधी दिसतो. शिवाय ती चूक तशीच राहू दिली, तर परीक्षक कुठे बोट ठेवणार हे आम्हाला आधीच ठाऊक झालं होतं. एवढा नेमका अंदाज एरवी कुणाला येतो?

त्यासाठी तिला मुदतींचा सांधा पक्का करावा लागणार होता. ती ३०, १५ आणि एक महिना हे आकडे पाठ म्हणायची, पण अनपेक्षित विचारलं की तीस आणि पंधरा यांची अदलाबदल व्हायची. हे मी दरवर्षी पाहते. कारण मुलं आकडे लक्षात ठेवतात, घड्याळ कुणाचं आणि कुठल्या घटनेपासून सुरू होतं ते ठेवत नाहीत. म्हणून आकडे बाजूला ठेवून मी तिला माणसं दिली. पहिलं घड्याळ फिर्यादीचं: बँकेकडून चेक परत आल्याचं कळलं की सुरू होतं, तीस दिवसांत नोटीस. दुसरं घड्याळ आरोपीचं: नोटीस हातात पडली की सुरू होतं, पंधरा दिवसांत पैसे. तिसरं पुन्हा फिर्यादीचं: आरोपीचे पंधरा दिवस संपले की सुरू होतं, एका महिन्यात तक्रार. एकाचं घड्याळ थांबल्याशिवाय दुसऱ्याचं चालू होत नाही. हे एकदा बसल्यावर तिची अदलाबदल थांबली.

मग प्रत्यक्ष तारखा. आरोपीची मुदत २४ फेब्रुवारीला संपली, तक्रारीचं कारण २५ ला उत्पन्न झालं. तो दिवस मोजायचा नाही, म्हणून महिना २५ मार्चला संपतो. तिने खुशीत मान डोलावली. मी म्हटलं, २०२३ चं कॅलेंडर काढ. २५ मार्च हा चौथा शनिवार होता, कोर्टाला सुट्टी. मग शेवटचा दिवस कोणता? जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १० प्रमाणे शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर ते उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरतात, म्हणजे सोमवार, २७ मार्च. हा प्रश्न व्हायवात येईलच असं नाही. पण स्वतःच्या प्रकरणाच्या तारखा कॅलेंडरवर ठेवून पाहिलेली मुलगी परीक्षकासमोर वेगळी बसते.

आता उत्तराचा घाट. मी तिला एकच शिस्त लावली. पहिल्या वाक्यात विचारलेल्याचं उत्तर: हो, नाही, आकडा किंवा नाव. दुसऱ्या वाक्यात आधार: कलम किंवा कारण. तिसऱ्यात आपलं प्रकरण: "माझ्या खटल्यात..." आणि मग थांबायचं. थांबणं तिला सगळ्यात जड गेलं. उत्तर संपल्यावर जी शांतता येते ती भरून काढायला ती आणखी एक वाक्य बोलायची, आणि बहुतेक वेळा पुढचा अडचणीचा प्रश्न त्या जादा वाक्यातून निघायचा. उदाहरणार्थ, विचारलं एक आणि तिने जाताजाता "आणि आरोपीविरुद्ध गृहीतक असतं" असं जोडलं की परीक्षकाने विचारलंच समजा: "ते खोडता येतं का? कसं? किती पुराव्याने?" उत्तर माहीत असेल तर असं दार मुद्दाम उघडं ठेवायला हरकत नाही. माहीत नसेल तर ते बंदच बरं.

तोच पहिला प्रश्न चार दिवसांनी पुन्हा विचारला. चेक न वटला की लगेच तक्रार करता येते का?

"नाही मॅडम. कलम १३८ च्या परंतुकाप्रमाणे आधी बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आरोपीने पैसे दिले नाहीत तरच तक्रारीचं कारण उत्पन्न होतं. माझ्या खटल्यात नोटीस ९ फेब्रुवारीला मिळाली, त्यामुळे २४ फेब्रुवारीपर्यंत तक्रार करता येत नव्हती."

पंचवीस सेकंदांच्या आत. त्यात एक शब्द आम्ही भांडून ठरवला होता. ती आधी म्हणायची, "पंधरा दिवसांनंतर गुन्हा होतो." मी तिला "तक्रारीचं कारण उत्पन्न होतं" असं म्हणायला लावलं. कारण दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा चेक परत येताच घडतो, पण खटला भरण्याचा हक्क परंतुकातल्या अटी पुऱ्या झाल्यावर येतो, असा भेद केला आहे. त्याच निकालाने तक्रार आरोपीच्या बँकेच्या ठिकाणीच करावी असंही ठरवलं होतं, आणि ते २०१५ च्या दुरुस्तीने बदललं. खात्यात जमा करायला दिलेल्या चेकसाठी आता फिर्यादीचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. मुलं निकालाचा अर्धाच भाग घेऊन येतात आणि रद्द झालेला भाग आजचा कायदा म्हणून सांगतात. निकालाचं नाव घ्यायचं असेल तर तो आज कितपत उभा आहे हे माहीत हवं. नसेल तर नाव न घेता कलम सांगावं, त्याने काही बिघडत नाही.

भाषेचा प्रश्न तिने शेवटपर्यंत मनात ठेवला होता. इंग्रजीत उत्तर दिलं नाही तर परीक्षक कमी लेखतील, अशी तिला भीती होती. तिच्या विद्यापीठात मराठीतून उत्तर देता येत होतं. मी सुचवलं की बसल्यावर एकदाच विचार, "सर, मराठीत उत्तर दिलं तर चालेल का?", आणि मग कायद्यातले शब्द कोर्टात बोलतात तसेच ठेव. आमच्या कोर्टात कुणी "प्रतिपरीक्षण" म्हणत नाही, उलटतपास म्हणतात. तसंच कॉज ऑफ ॲक्शन म्हटलं तरी चालतं, तक्रारीचं कारण म्हटलं तरी चालतं. अडचण होते ती इंग्रजी वाक्य सुरू करून मध्येच क्रियापद शोधत बसण्याची.

दिवाणी प्रकरणावर आम्ही एकच संध्याकाळ दिली. जर्नलमध्ये तिने लिहिलं होतं, "निशाणी ५ वरील अर्ज मंजूर." निशाणी ५ का, हे तिला माहीत नव्हतं. महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टात दाव्यासोबतच्या मनाईच्या अर्जाला बहुधा हाच क्रमांक पडतो, त्यामुळे वकील अर्जाला नुसतं "निशाणी पाच" म्हणतात. मनाईच्या तीन कसोट्या तिला तोंडपाठ होत्या: प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल, भरून न येणारं नुकसान. मी त्या तिच्या प्रकरणाला लावायला सांगितल्या तेव्हा ती अडली. मग आम्ही फाइलमधून शोधलं. वहिवाटीचा रस्ता गावच्या नकाशात आणि पंचनाम्यात दिसत होता, ही प्रथमदर्शनी केस. प्रतिवादीला रस्ता तात्पुरता मोकळा ठेवून फारसा तोटा नव्हता, वादीचा ऊस मात्र तोडणीला आला होता आणि गाडी जायला दुसरी वाट नव्हती, हा समतोल. नांगरून रस्ता मोडला तर तो पुन्हा ओळखू येणार नाही, हे नुकसान. एवढं केल्यावर तिन्ही कसोट्या तिच्या तोंडून आपोआप प्रकरणासकट यायला लागल्या.

एक प्रश्न मात्र मी खास तयार करून घेतला, कारण ग्रामीण भागात वकिली केलेला कुठलाही परीक्षक तो विचारेल: रस्त्याचं भांडण, मग तहसीलदाराकडे का नाही गेले? तिचं ठरलेलं उत्तर असं: "सर, मामलतदार कोर्ट ॲक्ट १९०६ च्या कलम ५ खाली जाता आलं असतं, कारणापासून सहा महिन्यांच्या आत. पण तो आदेश दिवाणी कोर्टाच्या निकालाच्या अधीन असतो. वादीला वहिवाटीचा हक्क कायमचा ठरवून हवा होता, म्हणून दिवाणी दावा केला."

व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचं जर्नल उघडलं, नाव पाहिलं आणि सहज विचारलं, "कोर्टात किती दिवस गेलात?" तिने दिवस सांगितले आणि उलटतपासाचा इन्कम टॅक्स रिटर्नचा प्रसंग दोन वाक्यांत सांगितला. "सरतपास?" "सर, तो प्रतिज्ञापत्रावर होता, कलम १४५ खाली. जर्नलमधलं माझं वाक्य तिथे चुकीचं आहे." त्यांनी वर पाहिलं.

मग त्यांची बोटं तारखांवर सरकली. आतले परीक्षक माझे सहकारी होते. पुढचं सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"वीस फेब्रुवारीला तक्रार? मुदतीत आहे?"

"नाही सर. लिहिलेली तारीख खरी धरली तर तक्रार मुदतीआधीची ठरते, कारण आरोपीचे पंधरा दिवस २४ ला संपतात. पण ती तारीख मी चुकीची उतरवली आहे. कोर्टाच्या नोंदीप्रमाणे तक्रार २० मार्चला दाखल झाली, आणि ती एका महिन्याच्या आत आहे."

"समजा खरंच २० फेब्रुवारीला केली असती. मग फिर्यादीचा हक्क गेला?"

हाच आमचा चिकटलेला पोटप्रश्न होता. "नाही सर. अशी तक्रार कायद्याच्या दृष्टीने तक्रारच नसते आणि तिची दखल घेता येत नाही, असं योगेंद्र प्रताप सिंग विरुद्ध सावित्री पांडे या २०१४ च्या निकालात सांगितलं आहे. पण फिर्यादी त्या निर्णयापासून एका महिन्यात नवी तक्रार करू शकतो आणि मग झालेला उशीर माफ झाला असं धरलं जातं."

ती थांबली. परीक्षकही दोन क्षण थांबले. ही शांतता तिने भरून काढली नाही.

"हा खटला सीआरपीसीखाली सुरू झाला. आता तर नवा कायदा आला. मग पुढचं कामकाज कशाखाली?" १ जुलै २०२४ ला नवा कायदा लागू झाला, त्यानंतरच्या प्रत्येक फौजदारी व्हायवात हा प्रश्न येतोच, तेव्हा तोही आमच्या गोलांत होता. "सर, जुन्याच संहितेखाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ प्रमाणे त्या दिवशी प्रलंबित असलेला खटला जुन्या संहितेनुसार चालतो. म्हणून माझ्या खटल्यात आरोपीचा जबाब कलम ३१३ खालीच होईल. नव्या खटल्यात ते कलम ३५१ असतं."

मग शेवटचा प्रश्न आला, आणि तो आमच्या एक्केचाळिसांत नव्हता. "तक्रारीला झालेला उशीर माफ होतो म्हणालात. नोटीस द्यायलाच तीस दिवसांपेक्षा उशीर झाला, तर तो माफ होतो का?"

तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सर, नक्की माहीत नाही. कलम १४२ मधली माफी तक्रारीच्या मुदतीपुरती आहे, एवढं मला माहीत आहे." परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

बाहेर आल्यावर तिने मला तोच प्रश्न विचारला. तिचं अर्धं उत्तर बरोबर दिशेने गेलं होतं, हे मी तिला आधी सांगितलं. माहीत असलेल्या कलमाच्या काठापर्यंत जाऊन तिथे थांबणं, हे तिने कुणी न शिकवता केलं होतं. नोटीशीचे तीस दिवस चुकले तर ते माफ करण्याची तरतूद कायद्यात नाही. कलम १४२ चं ते परंतुक २००२ च्या दुरुस्तीने आलं आणि ते तक्रारीच्या महिन्यापुरतंच आहे. पण फिर्यादीचा मार्ग तिथे संपतोच असं नाही. चेकची मुदत बाकी असेल तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो, आणि पुन्हा परत आला की नव्या मेमोपासून नोटीशीचे तीस दिवस नव्याने सुरू होतात. दुसऱ्यांदा टाकलेल्या चेकवर खटला भरता येतो, हे एमएसआर लेदर्स विरुद्ध एस. पलानीअप्पन या २०१२ च्या निकालाने ठरवलं. चेकची मुदत मात्र आता तीनच महिन्यांची आहे, रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून ती सहावरून तीनवर आणली. तिच्या खटल्यातला चेक १० जानेवारीचा. तिने तिथेच, जिन्यावर उभ्या उभ्या, बोटांवर एप्रिलपर्यंत मोजायला सुरुवात केली.